सल्फोनिलयुरिया गोळी सुरू झाल्यावर साखर कमी का होते आणि तपासणीच्या वेळा कशा बदलाव्यात

तीन वर्षे मी मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिन घेत होतो आणि दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी एकदा साखर तपासत होतो. तेवढे पुरत होते. नंतर आकडे वर जाऊ लागले, म्हणून डॉक्टरांनी न्याहारीबरोबर घ्यायची, सल्फोनिलयुरिया गटातील ग्लिमेपिराइडची १ मिलिग्रॅमची गोळी जोडली. गोळी वाढली, पण तपासण्याची सवय मी तीच ठेवली. सोमवारचा आकडा १६२ वरून १४४ वर आला. दोन आठवड्यांनी मी तोच एक आकडा डॉक्टरांना दाखवला, काही त्रास नसल्याचे सांगितले आणि त्यावरून मात्रा २ मिलिग्रॅम झाली.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मी हिशेबाच्या एकाच रकान्याची तीन वेळा बेरीज केली आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. शेजारच्या सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला, तर त्याच्यावर खेकसलो. कपाळावर घाम होता, पण खोलीत उकाडा नव्हता. काम जास्त झाले असेल, असे समजून जेवायला गेलो आणि बरे वाटले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. या वेळी मीटर पिशवीत होता आणि त्याने ५८ दाखवले. त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी मी १२८ मोजले होते.

हे दोन आकडे एकमेकांशी विसंगत नाहीत, हे समजायला मला बराच वेळ लागला. ज्यांना ही गोळी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून पुढील टप्पे लिहिले आहेत. गोळीची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. योग्य वेळी मोजून त्यांच्यापुढे योग्य आकडे ठेवणे हे आपले. या लेखातील सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत. मीटरच्या पडद्यावर mmol/L दिसत असेल, तर त्या आकड्याला १८ ने गुणावे.

१. ही गोळी शरीरात काय करते ते आधी समजून घ्या

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात सुटणाऱ्या साखरेला आवर घालते. ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही, म्हणून एकटे मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे फार दुर्मीळ असते. सल्फोनिलयुरियाचे काम निराळ्या ठिकाणी चालते.

स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्याची बारीक दारे असतात. रक्तातील साखर वाढली की ती पेशीत शिरते, तिच्यापासून ऊर्जा तयार होते आणि त्या ऊर्जेच्या इशाऱ्याने ही दारे बंद होतात. दारे बंद झाली की पेशीतील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. साखर उतरली की ऊर्जा कमी होते, दारे पुन्हा उघडतात आणि इन्सुलिन थांबते. म्हणजे साखर मोजणे आणि त्यानुसार इन्सुलिन सोडणे ही दोन्ही कामे निरोगी बीटा पेशी एकाच यंत्रणेने करते.

सल्फोनिलयुरियाचा रेणू थेट त्या दाराला जाऊन चिकटतो आणि ते बंद करतो. साखर किती आहे, हे त्याला ठाऊक नसते. रक्तात साखर २०० असो की ८०, दार बंद राहिले तर इन्सुलिन झिरपत राहते. साखर जास्त असताना परिणाम अधिक होतो हे खरे आहे, पण साखर उतरल्यावर जो लगाम आपोआप ओढला जायचा, तो या गोळीमुळे सैल पडतो. इन्सुलिनचे इंजेक्शन न घेताही साखर कमी होऊ शकते, याचे कारण हेच.

या औषधांचा शोधही एका अपघाताशी जोडलेला आहे. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबों विषमज्वराच्या रुग्णांवर सल्फा गटातील एक नवे औषध वापरून पाहत होते. तेव्हा काही रुग्णांची साखर अनपेक्षितपणे घसरली आणि ओग्युस्त लूबातिएर यांनी त्यामागचे कारण शोधायला घेतले. साखर घसरणे ही या औषधांची पहिली ओळख होती. मधुमेहावरचा उपयोग त्यानंतरचा आहे.

आता वेळेचा मुद्दा. ग्लिमेपिराइड घेतल्यावर साधारण दोन ते तीन तासांत त्याची रक्तातील पातळी सर्वांत वर जाते आणि परिणाम पुढे दिवसभर टिकू शकतो. सकाळी साडेआठला गोळी घेतली, तर तिचा जोर साडेदहा-साडेअकराच्या सुमारास असतो. न्याहारीतून आलेली साखर तोपर्यंत उतरणीला लागलेली असते आणि दुपारचे जेवण अजून व्हायचे असते. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र आदल्या दिवशीच्या गोळीनंतर जवळजवळ चोवीस तासांनी घेतलेला असतो. गोळीचा जोर सर्वांत ओसरलेला असताना आपण मोजतो आणि सर्व ठीक असल्याचा निष्कर्ष काढतो. माझे १२८ आणि ५८ एकाच दिवसाचे असण्याचे रहस्य एवढेच होते.

२. आपल्या गोळ्यांत हा घटक आहे का, ते पाकिटावर वाचा

गोळीचे बाजारातले नाव पाहून काही कळत नाही. खाली बारीक अक्षरांत दिलेला घटक वाचावा लागतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड ही या गटातील नेहमी दिसणारी नावे आहेत. ग्लिबेनक्लामाइडला काही देशांत ग्लायब्युराइड म्हणतात. नावात ‘ग्लि’ आहे म्हणून सिटाग्लिप्टिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांना याच गटात धरू नये. त्यांचे काम निराळे आहे आणि ती एकटी असताना साखर फारशी कमी करत नाहीत.

सर्वांत मोठा सापळा एकत्रित गोळीचा आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे ‘मी तर फक्त एकच गोळी घेतो’ असे म्हणणारा माणूस नकळत सल्फोनिलयुरिया घेत असतो. कधी एकत्रित गोळी सुरू होते आणि जुनी सुटी ग्लिमेपिराइडची गोळी बंद करायची राहून जाते. मग मात्रा दुप्पट होते. नवी चिठ्ठी हातात आली की जुनी पाकिटे समोर ठेवून घटक एकदा जुळवून पाहावेत.

३. पहिली गोळी घेण्यापूर्वी हे जवळ असू द्या

– मुदतीतील पट्ट्या आणि टोचण्यांसह ग्लुकोमीटर. दोन आठवडे रोज चार वेळा तपासायचे, तर ५६ पट्ट्या लागतात आणि शंका आल्यावरच्या तपासण्या वेगळ्या. ५० पट्ट्यांची एक डबी पुरत नाही.
– नोंदवही. मीटर आकडा साठवतो, पण त्या वेळी पोटात काय होते, हे त्याला माहीत नसते.
– ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर, घरी आणि पिशवीत अशी दोन ठिकाणी.
– मूत्रपिंडाच्या कार्याचा अलीकडचा अहवाल, म्हणजे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर.
– चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसह.

शेवटच्या दोन गोष्टी गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना दाखवाव्यात. मूत्रपिंड मंद चालत असेल, तर यातील काही औषधे आणि शरीरात त्यांच्यापासून बनणारे सक्रिय घटक रेंगाळतात. ग्लिबेनक्लामाइडच्या बाबतीत हे विशेष जाणवते, म्हणून वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांत ते शक्यतो टाळले जाते. औषधांच्या यादीत हृदय किंवा रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर असेल, तर साखर कमी झाल्याची धडधड आणि थरथर दबून जाऊ शकते. घाम मात्र बहुधा येतोच, त्यामुळे अशा माणसाने विनाकारण आलेल्या घामाकडे अधिक लक्ष द्यावे.

४. तपासणीच्या वेळा जेवणाच्या आधी आणा

पहिले दोन आठवडे, आणि मात्रा वाढली तर पुन्हा दोन आठवडे, रोज चार वेळा तपासावे: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपण्यापूर्वी. डॉक्टरांनी वेगळ्या वेळा सांगितल्या असतील, तर त्या पाळाव्यात.

अनेकांना जेवणानंतर दोन तासांनी तपासण्याची सवय असते. ती तपासणी साखर किती चढली हे पाहण्यासाठी असते. किती उतरली हे पाहायचे असेल, तर दोन जेवणांमधल्या पोकळीच्या टोकाला, म्हणजे पुढचा घास तोंडात जाण्यापूर्वी मोजले पाहिजे.

रोज चार पट्ट्या वापरणे सर्वांना परवडत नाही, याची मला जाणीव आहे. दिवसाला दोनच पट्ट्या असतील, तर त्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी वापराव्यात आणि उपाशीपोटीची तपासणी आठवड्यातून दोनदा करावी. सकाळची तपासणी सोडून देणे अनेकांना पटत नाही; मलाही पटले नव्हते. पण सकाळच्या गोळीचा धोका शोधायचा असेल, तर तो सकाळच्या आकड्यात सापडण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

या ठरलेल्या वेळांखेरीज तीन प्रसंगी मोजावेच. शरीरात काही विचित्र वाटले तर. गाडी चालवायला बसण्यापूर्वी. आणि नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले तर श्रमानंतर आणि झोपण्यापूर्वी. गोळी संध्याकाळी घेत असाल, किंवा पहाटे घामाने भिजून अथवा डोके जड होऊन जाग येत असेल, तर एक-दोन रात्री तीनच्या सुमारास गजर लावून मोजावे. सकाळी उठल्यावर आकडा चांगला दिसतो म्हणून रात्र निर्धोक गेली, असे समजू नये.

नोंद कशी ठेवावी, हे माझ्या वहीतील एका दिवसावरून दाखवतो. मात्रा २ मिलिग्रॅम असतानाचा हा दिवस आहे.

सकाळी ७:३० – उपाशीपोटी १२८.
सकाळी ८:३० – गोळी घेतली. न्याहारी घाईत, निम्मीच.
दुपारी १२:४५ – जेवणाआधी ६६; हात किंचित थरथरत होते.
रात्री ८:०० – जेवणाआधी ८४. संध्याकाळी पाऊण तास चाललो.
रात्री ११:०० – १५१.

केवळ आकड्यांकडे पाहिले, तर ६६ चे कारण कळत नाही. ‘न्याहारी निम्मीच’ हे दोन शब्द शेजारी असल्यामुळे ते कळते. पूर्ण न्याहारी झालेल्या दिवशी दुपारचा आकडा ७८ होता, म्हणजे तेव्हाही काठावरच. अर्धवट न्याहारीने तोल गेला हे खरे, पण मुळात मात्रेतच काही शिल्लक राखलेली नव्हती, हे डॉक्टरांना या दोन ओळी शेजारी ठेवल्यावरच दिसले.

५. आकडा वाचताना मीटरची चूक हिशेबात धरा

७० पेक्षा कमी आकडा म्हणजे साखर कमी आहे. ५४ पेक्षा कमी म्हणजे ती गंभीररीत्या कमी असून मेंदूच्या कामावर परिणाम होऊ लागतो. ही सीमा स्पष्ट असली, तरी मीटर तितका काटेकोर नसतो. घरगुती मीटरसाठी २०१३ च्या आयएसओ मानकानुसार साखर १०० च्या खाली असताना किमान ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ च्या आत असावे लागतात. मीटरने ७६ दाखवले, तर खरा आकडा ६१ ते ९१ यांमध्ये कुठेही असू शकतो आणि तरीही मीटर नियमात बसतो. म्हणून घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा असताना ७६ दिसले, तर आकड्यावर विसंबून थांबू नये. कमी आहे असे धरूनच उपाय करावा.

दुसरी चूक आपल्या हाताची असते. बोटांना गोड पदार्थाचा किंवा फळाचा अंश लागलेला असेल, तर आकडा खोटा वर जातो आणि कमी साखर झाकली जाते. हात पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करावेत. साखर कमी असल्याची शंका असताना रक्त बोटातूनच घ्यावे. दंडावरचे रक्त वेगाने उतरणाऱ्या साखरेची खबर उशिरा देते. त्वचेवर सेन्सर लावलेला असेल, तर त्याचाही आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, आणि झोपेत त्याच कुशीवर दाब पडला तर तो खोटा खालचा आकडा दाखवू शकतो. अशा वेळी बोट टोचून खात्री करून घ्यावी.

याच्या उलटही घडते. महिनोन् महिने साखर २५० च्या आसपास असलेल्या माणसाला ती ११० वर आली तरी घाम फुटतो, कारण शरीर वरच्या पातळीला सरावलेले असते. हा त्रास खरा असतो, पण साखर कमी नसते. मीटर जवळ असेल, तर आधी मोजावे आणि मग खावे, नाहीतर या भीतीपोटी दिवसभर गोड खाल्ले जाते. मीटर जवळ नसेल, तर मात्र वाट न पाहता खावे.

एचबीए१सी या तपासणीकडून इथे अपेक्षा ठेवू नये. ती साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दुपारचे ५८ आणि रात्रीचे २१० मिळून सरासरी नेटकी दिसते. उलट वारंवार साखर कमी होत असेल, तर अहवाल अधिकच चांगला येतो.

६. आकडा ७० च्या खाली आला तर काय करावे

१५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे. साधारण तीन सपाट चहाचे चमचे पावडर पाण्यात मिसळून घेतली की तेवढे होते. ग्लुकोज नसेल, तर तेवढीच साखर पाण्यात विरघळवून प्यावी. सोबत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल, तर मात्र ग्लुकोजच हवे, कारण या औषधांमुळे साध्या साखरेचे आतड्यातील विघटन लांबते. स्निग्ध गोड पदार्थ उपयोगाचे नाहीत. त्यातील साखर सावकाश रक्तात येते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजूनही ७० च्या खाली असेल, तर तेवढेच पुन्हा घ्यावे.

यानंतरचा भाग सल्फोनिलयुरियासाठी खास आहे आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. त्या ५८ च्या दिवशी मी ग्लुकोज घेतले, पंधरा मिनिटांनी ९६ दिसले, मी निर्धास्त झालो आणि जेवण दीड तास पुढे ढकलले. जेवायला बसलो तेव्हा मीटरवर ६४ होते. गोळी अजून दाराला चिकटलेलीच होती. शिवाय घेतलेल्या ग्लुकोजनेही बीटा पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला चालना दिली. म्हणून आकडा ७० च्या वर आला की लगेच जेवावे, जेवणाला वेळ असेल तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने असलेले काहीतरी खावे, एका तासाने पुन्हा मोजावे आणि त्या दिवशी झोपण्यापूर्वीही मोजावे.

आकडा ५४ च्या खाली गेला असेल, किंवा सावरण्यासाठी दुसऱ्याची मदत लागली असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे आणि गोळीचे पाकीट सोबत न्यावे. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर रुग्ण मिनिटांत डोळे उघडतो आणि घरचे परत जायची घाई करतात. ती करू नये. या गोळीमुळे उतरलेली साखर कित्येक तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टर एक दिवस किंवा अधिक काळ देखरेखीखाली ठेवतात.

७. घडी बसल्यावरही पुन्हा चार वेळांवर केव्हा यावे

दोन-तीन आठवडे सर्व आकडे ठीक राहिले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासण्या कमी करता येतात. त्यानंतरही मी आठवड्यातून दोन दिवस दुपारच्या जेवणाआधी मोजतो. पण काही प्रसंगी घडी मोडते. मात्रा बदलणे हा त्यातला उघड प्रसंग. वजन उतरणे, भूक मंदावणे, उलट्या-जुलाब होणे आणि मूत्रपिंडाचा अहवाल बिघडणे हे कमी उघड प्रसंग आहेत. खाणे बंद असताना ही गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवणे धोक्याचे असते, म्हणून आजारपणात काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

दुसऱ्या दुखण्यासाठी मिळालेले औषधही कारण ठरते. सल्फामेथोक्साझोल असलेले प्रतिजैविक, क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातील औषधे आणि बुरशीवरील फ्लुकोनाझोल यांच्यामुळे सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याची साखर अचानक घसरू शकते. ज्या डॉक्टरांकडे घसा किंवा लघवीचा त्रास घेऊन जाल, त्यांना ही गोळी चालू असल्याचे स्वतःहून सांगावे आणि ते औषध असेपर्यंत रोज चार वेळा मोजावे. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य यकृताचे साखर सोडण्याचे काम अडवते, त्यामुळे त्या रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची साखर तपासणे भाग असते.

उपाशीपोटी रक्त द्यायचे असते, त्या दिवसाचा सापळा मी स्वतः जवळून पाहिला आहे. सवयीने गोळी घ्यायची, प्रयोगशाळेत रांग लांबायची आणि दहा वाजेपर्यंत पोटात काही नसायचे. अशा दिवशी गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर, समोर खाणे आल्यावरच घ्यावी. न्याहारी रद्द झाली, तर त्या वेळची गोळीही घ्यायची नाही, आणि राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

माझी दहा दिवसांची वही पाहून डॉक्टरांनी मात्रा पुन्हा १ मिलिग्रॅम केली. पुढच्या आठवड्यात उपाशीपोटीचा आकडा १३८ झाला, म्हणजे आधीपेक्षा दहाने वर गेला, आणि दुपारच्या जेवणाआधीचा ९२ झाला. सकाळचे उरलेले दहा-वीस कमी करण्यासाठी त्यांनी गोळीला हात लावला नाही. रात्रीचे जेवण साडेनऊऐवजी आठला घ्यायला सांगितले आणि तीन आठवड्यांनी तीच वही घेऊन पुन्हा बोलावले.